एका तरतुदीचे चार शब्द

'ग्रॅच्युइटी' हा शब्द भारतातल्या बहुतेक कंपन्यांच्या हिशेबात असतो आणि तो वाचून कोणी दचकत नाही. निवृत्त होताना किंवा ठरावीक वर्षांनी नोकरी सोडताना कर्मचाऱ्याला कायद्याने द्यायची ती रक्कम, १९७२च्या कायद्यापासून सगळ्यांच्या ओळखीची. याच शब्दाला इंडोनेशियन प्रतिशब्द शोधू लागलं की 'ग्रातिफिकासी' हा शब्द फार लवकर हाताला लागतो. कानाला तो जवळचा वाटतो, अर्थही 'पगाराबाहेर दिलेले पैसे' असा जुळल्यासारखा दिसतो. मग कंपनीच्या देण्यांमध्ये 'ग्रातिफिकासीसाठी तरतूद' अशी ओळ येते आणि ती वाचणारा जाकार्तातला लेखापरीक्षक तिथेच थांबतो. कारण इंडोनेशियाच्या २००१च्या भ्रष्टाचारविरोधी कायद्यात ग्रातिफिकासी म्हणजे सरकारी पदावरच्या माणसाला मिळालेली भेट. रोख रक्कम, विमानाचं तिकीट, सवलत, फुकटचा प्रवास हे सगळं त्यात येतं. पदाशी संबंध असेल तर ती लाच समजली जाते आणि घेणाऱ्याने ३० कामकाजाच्या दिवसांत भ्रष्टाचार निर्मूलन आयोगाला कळवणं अपेक्षित असतं. थोडक्यात, त्या कंपनीने आपल्या ताळेबंदात लाच देण्यासाठी पैसे बाजूला काढून ठेवल्याचं लिहून दिलेलं असतं.

खरा शब्द आहे 'इम्बालान पास्चाकेर्जा', म्हणजे कामानंतरचा मोबदला. त्यातला 'पास्चा' आपल्या 'पश्चात्'चा भाऊ. ताळेबंदात ही रक्कम 'लिआबिलितास इम्बालान केर्जा' या मथळ्याखाली, कर्मचाऱ्यांच्या लाभांपोटीचं दायित्व म्हणून येते. तिचं मोजमाप कसं करायचं हे पीएसएके २१९ या लेखा मानकात ठरवलेलं आहे. हे मानक २०२३ अखेरपर्यंत पीएसएके २४ या क्रमांकाने ओळखलं जाई. लेखापरीक्षक ही ओळ पाहतो तेव्हा त्याला फक्त नाव कळत नाही. विमागणिताचा अहवाल मागायचा, व्याजदर आणि पगारवाढीची गृहीतकं तपासायची, त्यातला काही फरक नफा-तोट्यात न जाता थेट इतर सर्वसमावेशक उत्पन्नात गेला आहे का ते पाहायचं, इतकं काम त्याला त्या तीन शब्दांतून समजतं.

या विषयाचा गाभा इथेच आहे. आर्थिक पत्रकातली प्रत्येक ओळ हा एक दावा असतो: ही रक्कम अमुक प्रकारची आहे, तिचं मोजमाप अमुक नियमाने केलं आहे, ती अमुक काळात फिटणार आहे. शब्द बदलला की दावा बदलतो, आकडा तोच राहिला तरीही. म्हणून या अनुवादात शब्दकोश सगळ्यात शेवटी येतो आणि लेखा व्यवहार सगळ्यात आधी.

आता हा अनुवाद लागतो कोणाला? इंडोनेशियात परदेशी भांडवलाच्या अनेक कंपन्या आहेत आणि त्यांत भारतीय कंपन्याही जुन्या आहेत. पश्चिम जावातल्या पुरवाकार्ता भागात भारतीय उद्योगसमूहांचे कापड आणि धाग्यांचे कारखाने १९७०च्या दशकापासून आहेत. अशा कंपनीचा हिशेब मुख्यालयासाठी इंग्रजीत तयार होतो, पण देशातल्या कायद्याला इंडोनेशियन लागते. करविषयक कायदा सांगतो की वह्या इंडोनेशियातच, लॅटिन लिपीत, रुपियात आणि इंडोनेशियन भाषेत ठेवायच्या; परदेशी भाषा वापरायची तर अर्थमंत्र्यांच्या परवानगीने. २००७च्या कंपनी कायद्यानुसार मालमत्ता किंवा उलाढाल ५० अब्ज रुपियांच्या वर गेली की लेखापरीक्षण सक्तीचं होतं. ५० अब्ज म्हणजे आपल्या मोजणीने पाच हजार कोटी. ऐकायला अवाढव्य, पण एका भारतीय रुपयाला शंभराहून अधिक रुपिया मिळतात, त्यामुळे मध्यम आकाराचा कारखानाही ही मर्यादा सहज ओलांडतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांची पत्रकं बहुतेक वेळा दोन स्तंभांत छापलेली दिसतात, डावीकडे इंडोनेशियन आणि उजवीकडे इंग्रजी. इंग्रजी बाजूला बारीक अक्षरांत एक ओळ असते, की मूळ पत्रक इंडोनेशियन भाषेतलं आहे. कामाच्या ओघात मसुदा आधी इंग्रजीत लिहिला गेला असला, तरी सही होते ती इंडोनेशियन मजकुरावर.

या भाषेत हिशेबाचे शब्द थरांनी साचले आहेत, आणि अनुवादकाची पहिली अडचण तीच. डचांच्या काळातून 'आक्तिवा' आणि 'पासिवा' आले, ताळेबंदाच्या दोन बाजूंची नावं. नंतर अमेरिकी पाठ्यपुस्तकांचा प्रभाव वाढला. मग इंडोनेशियन लेखापालांच्या संघटनेच्या मानक मंडळाने आंतरराष्ट्रीय मानकांकडे जायचं ठरवलं आणि शब्दांची मोठी पाडापाडी झाली. पत्रकांच्या सादरीकरणाचं सुधारित मानक १ जानेवारी २०११पासून लागू झालं तेव्हा 'नेराचा', म्हणजे ताळेबंद, हा शब्द मागे पडून 'लापोरान पोसिसी केउआंगान', आर्थिक स्थितीचं पत्रक, हे नाव आलं. देणी 'केवाजिबान' होती, ती 'लिआबिलितास' झाली. 'अल्पसंख्याकांचा हक्क' जाऊन 'नियंत्रण नसलेला हितसंबंध' आला. १ जानेवारी २०१५पासून इतर सर्वसमावेशक उत्पन्नासाठीचा 'पेंदापातान' हा शब्द जाऊन 'पेंगहासिलान' आला. आणि १ जानेवारी २०२४ला सगळ्या मानकांचे क्रमांक बदलले: आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानकांवर आधारलेली १ने सुरू होतात, त्याआधीच्या जुन्या आंतरराष्ट्रीय लेखा मानकांवर आधारलेली २ने, आणि इंडोनेशियाची स्वतःची ३ने. भाडेकराराचं पीएसएके ७३ आता ११६ आहे, महसुलाचं ७२ आता ११५.

जुने शब्द मेलेले नाहीत, हे लक्षात ठेवायला हवं. सरकारी खात्यांचे हिशेब २०१०च्या वेगळ्या नियमावलीने चालतात आणि तिथे आजही 'नेराचा' आहे, 'केवाजिबान' आहे. खासगी कंपनीतला जुना लेखापाल बोलताना 'नेराचा'च म्हणतो, कँटीनमध्येही आणि बैठकीतही. शब्दकोशात सगळे थर एकाच पानावर असतात आणि कुठल्या शब्दाची मुदत कधी संपली हे तिथे लिहिलेलं नसतं. एवढंच नाही, 'केवाजिबान' कंपनीच्या पत्रकातूनही पूर्ण गेलेला नाही. तो आता 'बंधन' या अर्थी वापरतात: ग्राहकाला माल पोचवण्याचं करारातलं बंधन म्हणजे केवाजिबान, आणि त्यापोटी ताळेबंदात दिसणारी रक्कम म्हणजे लिआबिलितास. एकाच मजकुरात दोन्ही येतात आणि त्यांची अदलाबदल केली तर परिच्छेद वाचता येतो, पण चुकीचा असतो.

मराठी माणसाला या भाषेत आणखी एक ओढ लागते, ती संस्कृतची. 'लाबा' म्हणजे लाभ, 'हार्गा' म्हणजे अर्घ, किंमत. 'उसाहा' हा 'उत्साह'. पण अर्थ झाला उद्योग, व्यवसाय, म्हणून व्यापारी येणं 'पिउतांग उसाहा'. 'बिआया' हा सरळ आपला व्यय. इथे पाय घसरतो. व्यय म्हणजे खर्च, म्हणून नफा-तोटा पत्रकातला प्रत्येक खर्च 'बिआया' लिहावासा वाटतो. पण मानकांनी खर्चाचे दोन वाटे केले आहेत. एखादी गोष्ट मिळवायला मोजलेली रक्कम ती बिआया. म्हणून यंत्राची मूळ किंमत 'बिआया पेरोलेहान', मिळवण्याचा व्यय. ती रक्कम वापरली गेली, त्या काळाच्या नफ्यातून वजा झाली, की ती 'बेबान', म्हणजे भार. विकलेल्या मालाची किंमत पूर्वी 'हार्गा पोकोक' म्हणून येई. आता पत्रकावर 'बेबान पोकोक पेन्जुआलान' असते, जरी कारखान्यातले लोक जुन्या नावाचं 'हापेपे' हे लघुरूप सोडायला तयार नाहीत. योग्यकार्ताच्या गाजा माडा विद्यापीठातले प्राध्यापक सुवार्जोनो यांनी तर पहिल्या अर्थासाठी 'कोस' असा स्वतंत्र शब्द सुचवला आणि आपल्या पुस्तकात तो नेटाने वापरला. मला त्यांची मांडणी पटते. तो शब्द स्वच्छ आहे. पण लेखापरीक्षित पत्रकांनी तो घेतला नाही, मानकांनी 'बिआया पेरोलेहान'च ठेवलं, आणि म्हणून कंपनीच्या पत्रकात तो लिहिता येत नाही.

आता एक उदाहरण नीट उलगडून पाहू. समजा पुण्यातल्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीची उपकंपनी पश्चिम जावातल्या कारावांगमध्ये आहे. मुख्यालयाच्या नमुन्यात देण्यांच्या बाजूला 'तरतुदी' अशी एक ओळ आहे, ९,४०० दशलक्ष रुपिया. आत चार रकमा आहेत: संशयित येण्यांसाठी १,२००, ग्रॅच्युइटीसाठी ४,५००, प्राप्तिकरासाठी २,१०० आणि विकलेल्या मालाच्या हमीसाठी १,६००. आपल्याकडे या चारही गोष्टींना लेखा विभाग बिनदिक्कत तरतूद म्हणतो. इंडोनेशियन पत्रकात यातल्या एकाच रकमेला 'प्रोविसी' म्हणता येतं.

ती म्हणजे हमीची. आधी घडलेल्या घटनेमुळे बंधन आलं आहे, पैसे जाण्याची शक्यता अधिक आहे, पण नेमकी रक्कम किंवा वेळ ठाऊक नाही, अशा देण्याला पीएसएके २३७ प्रोविसी म्हणतं. १,६०० तिथे राहतात.

संशयित येण्यांचे १,२०० हे देणंच नाही. कोणाला काही द्यायचं नाही; येणार असलेलं कदाचित येणार नाही, इतकंच. म्हणून ही रक्कम देण्यांतून उचलून 'पिउतांग उसाहा'तून वजा करून दाखवायची. तिचं नाव 'पेन्यिसिहान', बाजूला काढणं, किंवा 'चादांगान केरुगिआन पेनुरुनान निलाई', मूल्यघटीच्या तोट्यासाठीचा राखीव भाग. बँकांमध्ये दुसरं नाव पक्कं आहे, त्याचं 'चेकापेएन' हे लघुरूप वर्तमानपत्रांतही येतं. कारखान्यांच्या पत्रकांत दोन्ही दिसतात आणि कुठलं घ्यायचं हे लेखापरीक्षण संस्थेच्या सवयीवर ठरतं. इथे एक खाच आहे. 'चादांगान' हाच शब्द भागधारकांच्या निधीतल्या राखीव गंगाजळीलाही वापरतात. कंपनी कायद्याचं ७०वं कलम नफ्यातून असा राखीव निधी काढायला सांगतं, तो भरणा झालेल्या भांडवलाच्या किमान २० टक्के होईपर्यंत. म्हणजे नुसतं 'चादांगान' लिहून भागत नाही. ते कशापोटी आहे हे शेपूट जोडावंच लागतं, नाहीतर वाचणाऱ्याला येण्यातली घट आणि भागधारकांची गंगाजळी यांत फरक करता येत नाही.

ग्रॅच्युइटीचे ४,५०० कुठे जातात ते वर आलंच आहे.

प्राप्तिकराचे २,१०० सगळ्यात फसवे. ही वर्षाच्या कराची पूर्ण रक्कम आहे. त्यापोटी वर्षभर भरलेले हप्ते, समजा १,७००, मुख्यालयाच्या नमुन्यात मालमत्तेच्या बाजूला 'आगाऊ कर' म्हणून वेगळे बसले आहेत. इंडोनेशियन पत्रकात चालू वर्षाच्या करातून हे हप्ते आणि इतरांनी कापलेला कर वजा होतो आणि उरलेले ४०० 'उतांग पाजाक', कराचं देणं, म्हणून येतात. टिपेत त्याचं नाव कलमाच्या क्रमांकाने लिहितात: प्राप्तिकर कलम २९. मासिक हप्त्यांचं कलम २५, पगारातून कापलेल्या कराचं २१, सेवाशुल्कावरच्या कपातीचं २३. तिथले लेखापाल बोलतातही असेच, 'पेपेहा २९ किती आला?' कराच्या टिपेत कलमांचे क्रमांक नसतील तर भाषांतर कितीही सुंदर असलं तरी ते बाहेरून आलेलं आहे हे पहिल्या ओळीत कळतं.

हिशेब जुळवून पाहू. देण्यांतून १,२०० आणि १,७०० गेले, म्हणजे २,९०० कमी झाले. ९,४००चे ६,५०० उरले: ४००, ४,५०० आणि १,६००. मालमत्तेतूनही तेच २,९०० कमी झाले, कारण येणी घटली आणि आगाऊ कर गेला. भागधारकांचा निधी तसाच राहिला, आणि तो तसाच राहायला हवा. तो हलला तर कुठेतरी गफलत आहे. पण देणी आणि निधी यांचं गुणोत्तर बदललं, आणि बँकेच्या कर्जकरारात तेच गुणोत्तर मर्यादा म्हणून लिहिलेलं असतं.

ही फेरमांडणी अनुवादकाने स्वतःच्या मनाने करायची नाही, हे मी आग्रहाने सांगेन. आकडे हलवणं हे कंपनीच्या लेखापालाचं काम आहे आणि त्यासाठी नोंद लागते. पण एका इंग्रजी शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी दडल्या आहेत हे सगळ्यात आधी अनुवादकालाच दिसतं, कारण त्याच्याकडे त्या चारांसाठी एकच इंडोनेशियन शब्द नसतो. तिथे थांबून प्रश्न विचारायचा: ही ९,४००ची ओळ कशाकशाची बनली आहे? चार वेळा 'प्रोविसी' लिहून पुढे गेलं तर तो प्रश्न महिन्याभराने लेखापरीक्षकाकडून येतो, तेव्हा सर्वसाधारण सभेची तारीख जवळ आलेली असते.

'प्रोविसी'चा आणखी एक अर्थ सांगून पुढे जातो. बँकव्यवहारात प्रोविसी म्हणजे कर्ज मंजूर करताना बँक घेते ते शुल्क, आणि बँकांच्या उत्पन्नात 'प्रोविसी दान कोमिसी' अशी ओळ असते, शुल्क आणि दलाली. त्यामुळे बँक कर्जाच्या टिपेत हा शब्द आला तर वाचणारा तो शुल्क म्हणूनच वाचतो, आणि कर्जाशी जोडलेल्या एखाद्या तरतुदीला तिथे प्रोविसी म्हटलं असेल तर त्याला ती दिसतच नाही.

मग बरोबर शब्द सापडतो कुठे? कामाचा क्रम असा असतो. पहिली जागा म्हणजे त्याच कंपनीचं गेल्या वर्षीचं सही झालेलं पत्रक. पत्रकात दोन वर्षं शेजारी छापतात आणि मथळा दोन्हींना एकच असतो. गेल्या वर्षी 'साल्दो लाबा' म्हटलेल्या शिल्लक नफ्याला या वर्षी 'लाबा दितहान' म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटतं की काहीतरी बदललं आहे आणि तो बदलाचं कारण टिपांमध्ये शोधू लागतो. गेल्या वर्षीचा शब्द जुना वाटला तरी लेखापरीक्षकाशी बोलल्याशिवाय तो बदलायचा नाही. दुसरी जागा म्हणजे मानकाचा मूळ इंडोनेशियन मजकूर, आणि त्याआधी हे विचारून घ्यायचं की कंपनी कुठल्या संचाने हिशेब मांडते. शेअर बाजाराबाहेरच्या कंपन्यांसाठी १ जानेवारी २०२५पासून खासगी घटकांचा नवा संच लागू झाला आहे आणि त्याने जुना साधा संच संपवला. तिसरी जागा, आणि मला सगळ्यात उपयोगी वाटते ती, म्हणजे त्याच धंद्यातल्या नोंदणीकृत कंपन्यांची वार्षिक पत्रकं. ती इंडोनेशियाच्या शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात आणि दोन भाषा समोरासमोर असतात. शक्यतो त्याच लेखापरीक्षण संस्थेने तपासलेल्या दोन-तीन कंपन्या निवडायच्या. हमीच्या टिपेला काय म्हणतात, भाडेकरारातल्या वापरहक्काच्या मालमत्तेला काय म्हणतात, हे तिथे पूर्ण वाक्यात वाचायला मिळतं, सुट्या शब्दात नाही.

वाक्यात वाचण्याचं महत्त्व एका जोडीतून दिसेल. इंग्रजीत वर्षभरात पैसे होणारी मालमत्ता आणि वर्षभरात फेडायची देणी या दोन्हींना एकच विशेषण आहे. मराठीतही आपण चालू मालमत्ता, चालू देणी म्हणतो. इंडोनेशियनमध्ये मालमत्ता 'लान्चार' असते, वाहती, सुरळीत. देणी मात्र 'जांगका पेंदेक' असतात, अल्प मुदतीची. 'लिआबिलितास लान्चार' व्याकरणाने चुकत नाही, कळतंही, आणि तरी लेखापरीक्षकाला खटकतं. यंत्रं, इमारती, जमीन यांना शब्दशः 'मालमत्ता, कारखाना आणि उपकरणं' म्हणायला जावं तर तेही तसंच. मानकाचं नावच 'आसेत तेताप', स्थिर मालमत्ता, असं सुटसुटीत आहे. उलट 'गुडविल' हा शब्द पत्रकांत जसाच्या तसा राहतो. त्याला स्वदेशी प्रतिशब्द देण्याचा मोह आवरावा लागतो.

चूक ओळखायच्या काही खुणा आहेत. एखादा शब्द त्या धंद्यातल्या एकाही प्रकाशित पत्रकात सापडत नसेल तर तो तुम्ही घडवलेला आहे. एकच इंडोनेशियन शब्द पत्रकावर दोन ओळींना आला असेल तर त्यातली एक ओळ चुकली आहे. पत्रकावरचं नाव आणि टिपेचं शीर्षक अक्षरशः एक नसेल तर वाचणारा दोन वेगळ्या रकमा समजतो. शेवटची तपासणी म्हणून इंग्रजी बाजू झाकून फक्त इंडोनेशियन वाचायची आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने मानकाचा क्रमांक लिहायचा. जिथे क्रमांक सुचत नाही तिथे शब्दावर विश्वास ठेवायचा नाही.

एक जागा अशी आहे जिथे लेखापरीक्षकाचा शब्दही एकच नसतो. मुख्य कंपनी, भगिनी कंपन्या, संचालक, यांच्याशी झालेले व्यवहार वेगळे दाखवावे लागतात, आणि बरीच पत्रकं येण्यांची विभागणी पहिल्या पानावरच करतात: तिऱ्हाईतांकडून इतकी, संबंधितांकडून इतकी. लेखा मानकात अशा संबंधिताला 'पिहाक बेरेलासी' म्हणतात. त्याआधी त्यांना 'हुबुंगान इस्तिमेवा', म्हणजे विशेष नातं, असलेले पक्ष म्हणत. लेखा मानकाने हे नाव सोडलं, पण प्राप्तिकर कायद्याच्या १८व्या कलमात ते अजून आहे, आणि तिथे त्याची कसोटी वेगळी आहे: २५ टक्के किंवा अधिक भागभांडवल, नियंत्रण, जवळचं कुटुंब. म्हणून कारावांगच्या उपकंपनीने पुण्याला दिलेल्या तांत्रिक सेवाशुल्काचा उल्लेख आर्थिक पत्रकात 'पिहाक बेरेलासी' म्हणून येतो आणि कंपन्यांमधल्या व्यवहारांच्या किमतींबद्दलच्या कर दस्तऐवजात 'हुबुंगान इस्तिमेवा' म्हणून. दोन्ही कागद एकाच कंपनीचे, एकाच वर्षाचे, अनेकदा एकाच अनुवादकाकडून गेलेले. शब्द एकसारखे ठेवायची सवय इथे नडते. शब्दसूचीत म्हणून प्रत्येक नोंदीपुढे तीन रकाने ठेवावेत: कुठल्या कागदात, कुठल्या मानकाने किंवा कलमाने, आणि कधीपासून.

लेखापरीक्षकाच्या अहवालाला मात्र हातच लावायचा नाही. 'सर्व महत्त्वाच्या बाबतींत वाजवीपणे सादर करतात' या वाक्याचा इंडोनेशियन पाठ लेखापरीक्षणाच्या मानकांनी बांधून दिलेला आहे आणि तो संस्था स्वतः लिहिते, परवानाधारक लेखापरीक्षकाच्या सहीने. स्वच्छ अभिप्रायाला वर्तमानपत्रं 'वाजार तान्पा पेंगेचुआलिआन' म्हणतात, आणि सरकारी हिशेबांवरच्या लेखापरीक्षण मंडळाच्या अभिप्रायामुळे त्याचं 'वेतेपे' हे लघुरूप घराघरांत पोचलं आहे. कंपन्यांचे लेखापरीक्षक ज्या मानकाने चालतात त्यात तोच अभिप्राय 'तान्पा मोदिफिकासिआन', फेरफार न केलेला, असा आहे. संचालक मंडळाच्या अहवालात या अभिप्रायाचा उल्लेख करायचा असेल तर सही झालेल्या अहवालातला शब्दच उचलायचा.

आकड्यांचंही एक भाषांतर असतं. इंडोनेशियात हजारांना टिंब देतात आणि दशांशाला स्वल्पविराम, आपल्या नेमकं उलट. आपला १,२५० तिथे १.२५० असतो, आणि १.२५० हा आकडा पुण्याच्या संगणकावर उघडला की सव्वा होतो. लाख-कोटी तिथे नाहीत. 'जुता' म्हणजे दहा लाख, 'मिलिआर' म्हणजे शंभर कोटी, 'त्रिलिउन' म्हणजे लाख कोटी. प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'वेगळं नमूद केलं नसल्यास दशलक्ष रुपियांत' असं लिहिलेलं असतं, आणि टिपांमधली प्रति शेअर नफ्याची रक्कम, शेअरची संख्या, विनिमय दर या ओळी त्या नियमातून वगळलेल्या असतात. त्यांना दहा लाखांनी भागणारा माणूस दरवर्षी कुठे ना कुठे भेटतोच.

शब्दसूची एकदा केली की संपली असं इथे होत नाही. पत्रकांच्या सादरीकरणाचं नवं आंतरराष्ट्रीय मानक, क्रमांक १८, १ जानेवारी २०२७पासून लागू होतं आहे. त्यात नफा-तोटा पत्रकाचे कामकाज, गुंतवणूक आणि वित्तपुरवठा असे ठरलेले भाग पडतात आणि कामकाजाचा नफा ही ओळ सक्तीची होते. आजवर ही ओळ कंपन्या आपापल्या व्याख्येने लिहीत आल्या आहेत, काही ती देतच नाहीत. इंडोनेशियाचं मंडळ आंतरराष्ट्रीय मानकांच्या मागोमाग चालतं, त्यामुळे तिथल्या पत्रकांतही हे भाग येणारच. आणि शेजारच्या स्तंभात तुलनेसाठी आधीचं वर्ष छापायचं असल्याने नव्या मथळ्यांखाली २०२६चे आकडेही पुन्हा मांडावे लागतील. तिथल्या लेखापरीक्षण संस्था आपले नमुना-अहवाल ग्राहकांसाठी दरवर्षी काढतात. नव्या मथळ्यांचे शब्द पत्रकांत दिसण्याआधी त्या नमुन्यांत दिसतील, आणि ते तिथून उतरवून घेण्याचं काम वर्षअखेर उजाडण्याआधी करून ठेवता येतं.